‘आज रात्री 8.2 चा भूकंप’: हा मेसेज नववीच्या वर्गात कसा तपासायचा?

10 जुलै 2024 च्या सकाळी हिंगोली, नांदेड, परभणीत जमीन हादरली. केंद्रबिंदू हिंगोली जिल्ह्यात होता, तीव्रता 4.5 नोंदली गेली. किल्लारी अजून आठवणीत असलेल्या लातूर-नांदेडमध्ये अशा धक्क्यानंतर मेसेजना ऊत येणारच. म्हणून खोटी माहिती ओळखण्याचा घटक शिकवायचा, तर इथल्या मुलांसाठी भूकंपाइतका चांगला विषय नाही. सहा तासिका पुरतात.

शिक्षकांनी एक नमुना मेसेज तयार करावा: ‘नासाचा इशारा! आज रात्री 2.30 ला लातूर-नांदेडमध्ये 8.2 चा भूकंप. सर्वांना पाठवा.’ त्यावर ‘सरावासाठी’ असे ठळक छापावे आणि तो कागदावरच द्यावा. नाहीतर संध्याकाळपर्यंत तोच पालकांच्या ग्रुपवर फिरेल!

मराठीच्या तासाला मुले त्यातले कर्ता शोधतात. इशारा नेमका कोणी, कधी, कुठे दिला? नाव नाही, तारीख नाही. आज्ञार्थी क्रियापद मात्र आहे.

भूगोलाच्या तासाला मुख्य दावा तपासायचा. भूकंपाची तारीख, वेळ, ठिकाण आणि तीव्रता आधी सांगणे आज जगात कोणालाच जमत नाही. ‘रात्री 2.30’ हे दोन शब्दच मेसेज पाडतात.

गणितात खरी मजा आहे. तीव्रता एकने वाढली की बाहेर पडणारी ऊर्जा साधारण 32 पट होते. 30 सप्टेंबर 1993 चा किल्लारीचा भूकंप सुमारे 6.2 चा होता. मेसेजमधला 8.2 चा, म्हणजे 32 × 32, सुमारे हजार पट! ‘दोनच अंकांचा तर फरक’ म्हणणारी मुले इथे थबकतात. पण तीव्रतेवरून थेट नुकसान मोजता येत नाही, हेही सांगायला हवे. किल्लारी परिसरात हजारो जीव गेले, त्याचे एक मोठे कारण दगड-मातीच्या जाड भिंती आणि पहाटे चारच्या सुमाराची झोपेची वेळ हे होते. हा धागा इतिहासाचे शिक्षक पुढे नेऊ शकतात: गावातल्या ज्येष्ठांची आठवण आणि त्या वेळचे वर्तमानपत्र, दोन्ही साधने शेजारी ठेवून.

माहिती-तंत्रज्ञानाच्या तासाला मेसेजकडे टक लावून बसायचे नाही. त्यातून बाहेर पडून राष्ट्रीय भूकंपशास्त्र केंद्राच्या seismo.gov.in वर नोंद पाहायची. एक मर्यादा ध्यानात ठेवा: झालेला धक्का तिथे दिसतो, होणारा नाही.

हा घटक फसतो तो शेवटच्या चाचणीत. दहाच्या दहा मेसेज खोटे दिले, तर ‘सगळेच खोटे’ लिहिणाऱ्यालाही पैकीच्या पैकी गुण मिळतात. म्हणून निम्मे खरे द्या. 10 जुलैच्या धक्क्याची बातमी त्यात हवीच, तीही उद्गारचिन्हांसह. खोटे किती पकडले आणि खरे किती नाकारले, हे दोन आकडे वेगळे लिहा. दुसरा आकडा मोठा असेल, तर मुले तपासत नाहीत, नुसती संशय घेत आहेत, मग seismo.gov.in ची तासिका पुन्हा घ्यावी लागेल.