गोळी तीच, रक्तात औषध कमी

झुरिकमधल्या दोन रुग्णांची हकीकत २००० साली प्रसिद्ध झाली. रोपण केलेलं हृदय शरीराने नाकारू नये म्हणून दोघे सायक्लोस्पोरिन घेत होते. त्यात सेंट जॉन्स वर्ट ही उदासीवरची वनौषधी सुरू झाली, आणि तीनच आठवड्यांत शरीर हृदय नाकारू लागलं. रक्तातलं सायक्लोस्पोरिन घसरलं होतं.

या वनस्पतीतलं हायपरफोरिन यकृत-आतड्यांना औषध मोडणारं ‘सीवायपी३ए४’ हे विकर जास्त बनवायला लावतं. आतड्याच्या पेशींतले पी-ग्लायकोप्रोटीन नावाचे पंपही वाढतात. आत शिरलेलं औषध ते पुन्हा आतड्यात ढकलतात.

वनौषधी थांबवल्यावर पातळी सावरली. वाढलेली विकरं ओसरायला मात्र साधारण दोन आठवडे लागतात. वनौषधी चालू असताना गोळीचा डोस वाढवलेला असेल, तर ती परस्पर बंद करणंही घातक: तोच डोस मग जास्त होतो.