सेलची तारीख पावसावर सोडू नका

मे महिना संपत आला की स्टेशन रोडवरच्या दुकानांत निळी ताडपत्री बांधली जाते, छत्र्या दोरीला उलट्या लटकतात आणि दुकानदाराचा मुलगा मोबाइलवर चार ओळी टाइप करतो. ‘मान्सून धमाका! ५० टक्क्यांपर्यंत सूट! त्वरा करा!’ ही जाहिरात चपलांच्या दुकानालाही चालेल आणि पंख्यांच्याही. वाचणाऱ्याला तीन गोष्टी हव्या असतात: काय मिळणार, केवढ्याला, आणि कधीपर्यंत. त्यांतली एकही तिच्यात नाही.

सगळ्यात जास्त घोळ तारखेचा होतो. ‘पहिल्या पावसाची खास सवलत’ ऐकायला गोड वाटते, पण पहिला पाऊस दुकानाच्या सोयीने येत नाही. मुंबईत मान्सून पोचण्याची सर्वसाधारण तारीख ११ जून धरतात. २०२३मध्ये तो २५ जूनला आला, तोही दिल्लीत पोचला त्याच दिवशी. २०२५मध्ये मात्र २६ मे रोजीच दारात उभा राहिला. दोन वर्षांत महिनाभराचा फरक! पावसावर सेल टांगून ठेवणाऱ्या दुकानदाराची २०२३मध्ये शाळांची खरेदी हातची गेली असती आणि २०२५मध्ये नवा माल गोदामात असतानाच गिऱ्हाईक भिजत दारात आलं असतं.

शाळा मात्र बऱ्यापैकी वेळ पाळते. महाराष्ट्रात ती साधारण १५ जूनच्या आसपास उघडते, विदर्भात उन्हामुळे त्यानंतर काही दिवसांनी. वह्या-दप्तरांबरोबर रेनकोट घ्यायचाच असतो, मग आभाळ कोरडं असो की भरलेलं. म्हणून सेलची शेवटची तारीख शाळेच्या आदल्या रविवारी ठेवलेली बरी. २०२६मध्ये १५ जून सोमवारी येतो, म्हणजे सेल १४ जूनच्या रविवारी संपवावा आणि ३० मेच्या शनिवारी सुरू करावा. त्यात तीन शनिवार-रविवार मिळतात आणि पगारही हातात आलेला असतो.

तारीख लिहितानाही वार आणि महिना दोन्ही हवेत. ‘या रविवारपर्यंत’ असं लिहिलेला मजकूर व्हॉट्सअ‍ॅपवरून सोसायटीच्या ग्रुपात जातो, तिथून मावशीच्या ग्रुपात, आणि आठ दिवसांनी कोणीतरी तो दाखवत काउंटरवर उभं राहतं. इन्स्टाग्रामवरचं कॅप्शन नंतर दुरुस्त करता येतं. दहा ठिकाणी फिरलेला मजकूर परत बोलावता येत नाही. त्यामुळे तारीख कॅप्शनमध्ये हवी तशी फोटोवरही हवी, कारण पुढे पाठवताना पुष्कळदा नुसता फोटोच जातो.

आता मालाविषयी काय लिहायचं? ‘१०० टक्के वॉटरप्रूफ’ सगळेच लिहितात. दुचाकीवर रोज तासभर भिजणाऱ्या माणसाला ठाऊक असतं की रेनकोटचं कापड सहसा गळत नाही, शिवण गळते. सुईने पाडलेल्या प्रत्येक भोकातून पाणी आत शिरतं. आधी खांद्यावर ओल जाणवते, पण खरी फजिती पँटच्या बसायच्या जागी होते. तिथे सीटवर पाणी साचतं आणि अंगाचा भार ते शिवणीतून आत ढकलतो. चांगल्या रेनकोटला आतून शिवणीवर पारदर्शक किंवा राखाडी पट्टी गरम करून चिकटवलेली असते. रेनकोट उलटा केला की ती दिसते आणि नखाने उचलून बघता येते. कडा सहज सुटत असेल, तर दोन पावसांत ती पट्टी निघून येणार.

दुकानदाराने कॅप्शन लिहिण्याआधी एक साधी चाचणी करावी. पँट उलटी करून बसायच्या भागाची शिवण खोलगट धरायची, त्यात तांब्याभर पाणी ओतायचं आणि दहा मिनिटं थांबायचं. खाली थेंब दिसला तर ‘वॉटरप्रूफ’ लिहू नये. ‘हलक्या पावसासाठी’ लिहावं आणि किंमतही तशी ठेवावी. नाही दिसला तर या चाचणीचाच व्हिडिओ टाकावा. तो छत्री घेऊन हसणाऱ्या मॉडेलपेक्षा जास्त माल खपवेल.

गेल्या वर्षीचा उरलेला माल हा नाजूक विषय. रेनकोटच्या आतल्या लेपाला दमट गोदाम मानवत नाही. काही वर्षांत तो चिकट होतो आणि मग पापुद्रे सुटू लागतात. घडी उघडताना चर्र आवाज करत कापड कापडाला चिकटत असेल, तर तो रेनकोट कितीही सवलतीत महागच. पण वर्षभर नीट टांगून ठेवलेला, चिकट न झालेला माल ‘गेल्या वर्षीचा रंग, म्हणून कमी किंमत’ असं सांगून उघडपणे विकता येतो. सवलतीचं कारण सांगितलं की ती खरी वाटते.

हे सगळं एकत्र करून डोंबिवलीतल्या एखाद्या दोन गाळ्यांच्या दुकानासाठी मजकूर लिहायचा झाला, तर तो काहीसा असा होईल. किमती उदाहरणादाखल आहेत.

‘शनिवार ३० मे ते रविवार १४ जून. दुचाकीसाठी जॅकेट-पँट: छापील किंमत १२०० रुपये, सेलमध्ये ९००. आतून सगळ्या शिवणींवर पट्टी. दुकानात पाणी ओतून बघा. शाळेचे रेनकोट, दप्तरावरून बसणारे: ५५० ऐवजी ४५०. मापासाठी मुलांना दप्तरासकट आणा. लांब दांड्याच्या छत्रीवर सूट नाही, पण काडी मोडली तर ३० सप्टेंबरपर्यंत मोफत बदलून देऊ. सकाळी १० ते रात्री ९. सोमवारी बंद.’

यात तारीख सर्वांत वर आहे, कारण मोबाइलवर लांब कॅप्शनच्या सुरुवातीच्या ओळीच दिसतात आणि बाकीचं दाबून उघडावं लागतं. दप्तराचा उल्लेख सजावटीसाठी नाही: नुसत्या उंचीवर घेतलेला रेनकोट दप्तरावर चढवला की पुढून आखडतो आणि गुडघे भिजतात. छत्रीचं वाक्य मात्र सगळ्यात हुशारीचं. छत्री विकत घेताना माणूस पन्नास रुपयांची घासाघीस करतो, पण वाऱ्याने ती उलटली आणि एक काडी मोडली की अख्खी छत्री कोपऱ्यात पडते. काडी बदलणं हे थोड्या वेळाचं काम. ते आपल्याकडे करून देणारा दुकानदार गिऱ्हाइकाला सप्टेंबरपर्यंत बांधून ठेवतो. पदरी कारागीर नसेल तर हे वचन अर्थात देऊ नये.

‘पर्यंत’ या शब्दाबद्दलही थोडं. ‘५० टक्क्यांपर्यंत’ म्हणायचं आणि ती सूट दोन फाटक्या छत्र्यांवरच ठेवायची, ही जुनी चाल आता अंगाशी येऊ शकते. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींबाबत केंद्र सरकारने जून २०२२मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यांनुसार जाहिरात केलेला माल त्या किमतीला मिळण्याची वाजवी शक्यता असायला हवी. अटीही दाव्याच्याच भाषेत आणि ठळक दिसतील अशा द्यायला हव्यात. मोठ्या मराठी मथळ्याखाली मुंगीएवढ्या इंग्रजीत ‘अटी लागू’ चालत नाही. ‘साठा असेपर्यंत’ लिहायचंच असेल, तर ‘या किमतीत ४० नग’ असं लिहिणं सरळ.

गिऱ्हाइकानेही जाहिरातीचा स्क्रीनशॉट जपून ठेवावा आणि बिल मागून घ्यावं. जाहिरातीतली किंमत काउंटरवर बदलली आणि दुकानदार ऐकेना, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे.