पैसे पाठवण्याआधीचे चोवीस तास

शेजारच्या काकूंचा नातू नागपूरला शिकायला गेला. खोलीचं भाडं ८,५०० रुपये, सुरुवातीला १७,००० अनामत. दर महिन्याला बँकेत जाऊन फॉर्म भरणं गुडघ्यांना झेपत नव्हतं, म्हणून त्यांनी नेट बँकिंग घ्यायचं ठरवलं आणि मला लॅपटॉपपाशी बसवून घेतलं.

बँकेचं नाव त्या गुगलवर शोधायला लागल्या, तिथेच मी त्यांना थांबवलं. शोधात सगळ्यात वर येणारी ओळ बऱ्याचदा जाहिरात असते आणि जाहिरात कोणीही देऊ शकतो. बँकेचा पत्ता आपण स्वतः टाइप करावा. रिझर्व्ह बँकेच्या आदेशाने बँकांना ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत आपली संकेतस्थळं .bank.in या पत्त्यावर न्यायची होती, त्यामुळे खरा पत्ता ओळखणं आता सोपं झालंय. मात्र ही अक्षरं https:// नंतरच्या पहिल्या तिरक्या रेघेच्या लगेच आधी हवीत. bank.in च्या पुढे टिंब देऊन आणखी काही जोडलेलं असेल, तर ते पान दुसऱ्याच कुणाचं आहे.

इतकं जपायचं, कारण नोंदणीत काकूंच्या बँकेने खाते क्रमांकानंतर एटीएम कार्डाचा क्रमांक आणि पिनसुद्धा विचारला. "पिन कुणाला सांगू नका म्हणतात ना?" काकूंनी हात आखडला. शंका अगदी रास्त होती. बँकेच्या खऱ्या पानावर खातेदाराची ओळख पटवायला पिन लागू शकतो. हाच प्रश्न फोनवर आला, तर समोर चोर आहे असं धरून चालावं. आम्ही पत्ता पुन्हा एकदा वाचला, मगच आकडे टाकले.

लॉगिन झाल्यावर मी आधी मर्यादेचं पान उघडलं. रोज पाच लाखांपर्यंत पाठवण्याची मुभा तिथे आपोआप मिळालेली होती. काकूंची एका दिवसाची सगळ्यात मोठी गरज अनामत आणि पहिलं भाडं मिळून २५,५०० रुपयांची, म्हणून आम्ही मर्यादा ३०,००० वर आणली. बचत खात्यात थोडेच पैसे असतात, मग मर्यादा कशाला, असं त्यांना वाटलं. पण त्यांची मुदत ठेव त्याच लॉगिनमधून मोडता येते. कुणी आत शिरलाच तर आधी ठेव मोडून रक्कम बचत खात्यात आणेल आणि तिथून बाहेर काढेल. त्या बाहेरच्या दारालाच ३०,००० चा अडसर असलेला बरा. मर्यादा वाढवायला पुन्हा ओटीपी लागतो, हेही त्यांना दाखवून ठेवलं.

मग घरमालकाचं खातं जोडायचं. त्यांनी रद्द केलेल्या धनादेशाचा फोटो पाठवला होता. आयएफएससी कोड अकरा खुणांचा असतो. पहिली चार अक्षरं बँकेची, पाचव्या जागी शून्य आणि पुढच्या सहा खुणा शाखेच्या. काकूंनी पाचव्या जागी इंग्रजी ओ टाकला आणि पान अडलं. खाते क्रमांक मात्र चुकला, तर पान अडेलच असं नाही. तो दोनदा लिहावा लागतो, म्हणून मी धनादेशावरून चार-चार आकडे वाचले आणि त्यांनी टाइप केले. पैसे जमा होतात ते क्रमांक पाहून. आपण लिहिलेलं नाव त्यात जुळवलं जात नाही. चुकीच्या क्रमांकाचं खातं अस्तित्वात असेल तर रक्कम तिथे जाते आणि ती परत मिळवताना त्या खातेदाराची संमती लागते. एप्रिल २०२५ पासून एनईएफटी आणि आरटीजीएससाठी समोरच्या बँकेतलं नाव आधी पाहण्याची सोय आली आहे. आम्ही ती वापरली. आलेलं नाव धनादेशावरच्या नावाशी जुळलं.

तेवढ्यात ओटीपी आला आणि काकू सहा आकडे घाईने टाकायला लागल्या. मी म्हटलं, "काकू, आधी अख्खा मेसेज वाचा." त्यात लाभार्थी जोडण्यासाठी असं लिहिलं होतं आणि खात्याचे शेवटचे चार आकडे होते. फसवणारा माणूस फोनवर "परताव्यासाठी कोड सांगा" म्हणतो, तेव्हा पुष्कळदा मेसेजमध्ये पैसे वळते करण्यासाठी असं स्पष्ट छापलेलं असतं. लोक आकडे वाचतात, वाक्य वाचत नाहीत.

नवं खातं जोडल्यावर काकूंच्या बँकेत पहिले चोवीस तास थोडीच रक्कम जाते. काकूंना ते कटकटीचं वाटलं. मला ही बँकांनी केलेली फार चांगली सोय वाटते, कारण आपण न जोडलेल्या खात्याचा मेसेज आला तर बँकेला आणि १९३० या क्रमांकाला कळवायला तेवढा वेळ हाताशी राहतो. आम्ही दहा रुपये पाठवले आणि घरमालकांना फोन करून ते मिळाल्याची खात्री केली. अनामत आणि भाडं दुसऱ्या दिवशी गेलं.

खातं बदलल्याचा निरोप व्हॉट्सअॅपवर आला तर काय करायचं, हे काकूंनी आपणहून विचारलं. घरमालकांचा जो नंबर आधीपासून वहीत आहे त्यावर फोन करायचा, त्यांचा आवाज ऐकून खात्री करायची, मगच नवं खातं जोडायचं आणि जुनं यादीतून काढून टाकायचं.