जुन्या कागदावरचं ‘शके’ कसं वाचायचं?

बचत गटाच्या बैठकीत कुणी ना कुणी जुनी वही किंवा खरेदीखत घेऊन येते. त्यात सासूबाईंचा जन्म किंवा जमिनीचा व्यवहार ‘शके अमुक, माघ शुद्ध पंचमी’ असा लिहिलेला असतो. इंग्रजी साल काढताना एका वर्षाची चूक झाली, तर वयाच्या कागदात आयुष्यभर घोळ राहतो. म्हणून आज तेवढंच समजून घेऊ.

शक पाडव्याला बदलतो आणि इंग्रजी साल १ जानेवारीला. म्हणून एकाच शकात दोन इंग्रजी सालं येतात. चैत्रापासून कार्तिकापर्यंतच्या तिथीला शकात ७८ मिळवायचे, माघ आणि फाल्गुनाला ७९. शके १८६९ घ्या. देश स्वतंत्र झाला तो श्रावण याच शकातला, १८६९ अधिक ७८ म्हणजे १९४७. गांधीजी गेले तो पौष वद्य पक्षही शके १८६९ चाच, पण तारीख ३० जानेवारी १९४८.

खरी अडचण मार्गशीर्ष आणि पौषात येते. पौष कधी डिसेंबरात सुरू होतो, कधी जानेवारीत. मार्गशीर्षाचा शेवटही कधी कधी जानेवारीत जातो. शके १८६९ मध्ये अधिक श्रावण आला होता, त्यामुळे पुढचे महिने लांबले आणि मार्गशीर्ष जानेवारीपर्यंत गेला. म्हणून या दोन महिन्यांसाठी त्या वर्षाचं जुनं पंचांग पाहावंच लागतं.

आता एक उदाहरण सोडवू. वहीत लिहिलंय, ‘शके १८६९, माघ शुद्ध ५, रविवार’. माघ म्हणून ७९ मिळवले, साल आलं १९४८. आपला महिना अमावस्येला संपतो. त्या वर्षी पौषाची अमावस्या १० फेब्रुवारीला होती, म्हणजे माघ शुद्ध पंचमी त्या महिन्याच्या मध्यावर आली. तिथी सकाळ-संध्याकाळच्या फरकाने एक दिवस मागेपुढे होते, तेव्हा वार कामाला येतो. त्या आठवड्यातला रविवार १५ फेब्रुवारीला येतो, म्हणून तीच तारीख धरायची. वार जुळलाच नाही, तर आकडा वाचताना चूक झाली असेल. मोडीतला किंवा पुसट आकडा पुन्हा पाहा.

कागदावर ‘संवत’ असेल, तर तो विक्रम संवत असू शकतो. व्यापाऱ्यांच्या वहीत तो दिवाळीनंतर कार्तिकात बदलतो. अशा संवतातून कार्तिकापासून डिसेंबर अखेरपर्यंत ५७ आणि जानेवारीपासून आश्विनापर्यंत ५६ वजा करा. उत्तरेकडे मात्र संवत चैत्रात सुरू होतो. तिथे डिसेंबरपर्यंत ५७ आणि त्यानंतर फाल्गुनापर्यंत ५६ वजा करायचे.

आणखी एक गोष्ट. १९५७ नंतरच्या सरकारी कागदावर ‘२४ श्रावण, शके १८७९’ असं दिसलं आणि शुद्ध-वद्य नसेल, तर ती तिथी नव्हे, राष्ट्रीय पंचांगाची तारीख आहे. तिचा हिशोब ठरलेला असतो. ही तारीख १५ ऑगस्ट १९५७.

अर्जात काढलेली तारीख लिहिताना मूळ तिथीही शेजारी लिहा आणि कागदाची झेरॉक्स जोडा.