मागाचा पिकर केव्हा बदलावा?

यंत्रमाग एका बिघाडानंतर पुन्हा बिघडेपर्यंत सरासरी किती तास चालतो, याला दोन बिघाडांमधला सरासरी काळ म्हणतात. कारखान्यात तो एमटीबीएफ या नावाने ओळखला जातो. काढायला तो सोपा आहे: सगळे माग मिळून जितके तास प्रत्यक्ष चालले, त्याला बिघाडांच्या संख्येने भागायचे. वीज गेली, बीम संपला, कामगार आला नाही म्हणून माग उभा राहिला, तर ते तास यात धरायचे नाहीत. ताण्याचा किंवा बाण्याचा धागा तुटून माग थांबला, तर तो सुताचा दोष असू शकतो. त्याची नोंद वेगळी ठेवावी लागते. या दोन गोष्टी एकत्र केल्या की पुढचा सगळा हिशेब फसतो.

उदाहरणादाखल २४ साध्या मागांची एक शेड घेऊ. महिन्यात प्रत्येक माग ५०० तास चालला, म्हणजे एकूण १२,००० तास. यंत्रातले बिघाड झाले ४०. सरासरी काळ आला ३०० तास. आता दर ३०० तासांनी प्रत्येक माग उघडून तपासायचा, असा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो आणि तो चुकीचा आहे. या ३०० तासांत पिकर, पट्टे, बेअरिंग, मोटर असे सगळे एकत्र मिसळलेले आहेत आणि प्रत्येकाची मोडण्याची रीत निराळी आहे. देखभालीचे अंतर मागाचे ठरवायचे नसते, त्याच्या एकेका भागाचे ठरवायचे असते.

समजा, ४० पैकी १५ बिघाड पिकरचे होते. धोट्याला ठोका देऊन समोरच्या पेटीत पाठवणारा हा चामड्याचा किंवा नायलॉनचा तुकडा. माग मिनिटाला १५० वेळा धोटा फेकत असेल, तर दोन बाजूंच्या पिकरना प्रत्येकी ७५ ठोके बसतात. ५०० तासांत साडेबावीस लाख. धोट्याचे टोक आदळून पिकरला खड्डा पडतो. तो खोल किंवा वाकडा झाला की धोटा सरळ जात नाही, ठोक्याचा आवाज बदलतो. धोटा वेळेत पेटीत पोचला नाही, तर माग झटक्याने थांबवणारी व्यवस्था असते. तीही ढिली असेल, तर धोटा ताण्यात अडकून शेकडो धागे एकदम तुटतात आणि ते जोडण्यात तासन्‌तास जातात. क्वचित धोटा मागाबाहेर उडून कामगाराला लागतो.

शेडमध्ये पिकर ४८. त्यांचे मिळून २४,००० तास भागिले १५ बिघाड, म्हणजे एका पिकरमागे सरासरी १,६०० तास. पण पिकर १,६०० तासांनी बदलायचा ठरवला, तर उशीर झालेला असतो, कारण झिजून जाणाऱ्या भागांपैकी साधारण निम्मे सरासरीच्या आधीच मोडतात. म्हणून सरासरीपेक्षा सर्वांत लवकर मोडलेल्या पिकरचे वय अधिक मोलाचे. समजा, नोंदवहीत ते १,१५० तास निघाले. मग १,००० तासांवर बदल करणे रास्त ठरते. महिन्याला १५ ऐवजी २४ पिकर लागतील, पण पिकरचे अचानक होणारे बिघाड जवळजवळ थांबतील. एकूण बिघाड २५ वर आले, तर मागाचा सरासरी काळ ३०० वरून ४८० तासांवर जाईल. नऊ पिकरची किंमत जास्त की पंधरा बिघाडांत बुडालेले कापड, हे गणित मालकाला लगेच करता येते.

मोटरला मात्र हा नियम लावू नये. विजेच्या चढउताराने मोटर जळते तेव्हा ती नवी आहे की जुनी, याने फारसा फरक पडत नाही. असे बिघाड वयाशी बांधलेले नसल्यामुळे सरासरी काळाइतके तास होईपर्यंत शंभरातले ६३ भाग मोडलेले असतात, आणि चांगली मोटर वेळापत्रकाप्रमाणे काढून नवी बसवल्याने धोका कमी होत नाही. तिथे तापमान, आवाज आणि तारांची जोडणी तपासत राहणे, साचलेला कापसाचा तूस काढणे, एवढाच उपाय.

अंतर तासांत ठरले, तरी ते पाळायचे कसे, हा जॉबरचा प्रश्न असतो. चालता माग थांबवायला कोणी तयार नसते. म्हणून ते बीमला बांधावे. इंचाला ५० बाणे असलेले कापड विणताना वरच्या वेगाने तासाला १८० इंच, म्हणजे साडेचार मीटरच्या आसपास कापड होते. ९०० मीटर कापडाचा बीम साधारण २०० तास चालतो. बीम बदलताना माग तसाही उभा असतो. तेव्हा दर बीमला सफाई आणि तेलपाणी, तर दर पाचव्या बीमला पिकर, असे सरळ वेळापत्रक बसते.

बदलानंतर पहिल्या काही तासांतच माग पुन्हा बिघडू लागला, तर दोष अंतरात नसून जोडणीत आहे, हे ओळखावे. प्रत्येक पिकर कोणत्या मागावर, कोणत्या बाजूला, किती तासांनी गेला, एवढे तरी वहीत लिहावे. सुताचा नंबर किंवा मागाचा वेग बदलला, की जुने अंतर रद्द समजून नव्याने मोजणी सुरू करावी.