पिल्लू, शू आणि सोफ्याचा पाय
दोन महिन्यांचं पिल्लू दिवसा जेमतेम दोन-तीन तास शू रोखू शकतं. म्हणून ते झोपून उठलं, जेवलं किंवा खेळून थांबलं, की लगेच ठरलेल्या एकाच जागी न्या. लसीकरण पूर्ण होईपर्यंत ती जागा बाल्कनीत असलेली बरी. जमीन हुंगत गोल फिरू लागलं, तर उचलाच. काम उरकताच तिथल्या तिथे खाऊ द्या. घरात शू झालीच, तर ओरडू नका. ओरडा खाल्लेलं पिल्लू लपून शू करायला शिकतं.

सोफ्याचा पाय कुरतडणं हा मात्र खोडसाळपणा नव्हे. तीन ते सहा महिन्यांच्या वयात दुधाचे दात पडतात, हिरड्या शिवशिवतात. ओला फडका पिळून फ्रीजरमध्ये गार करा आणि सोफ्याच्या बदल्यात तो चघळायला द्या. धागे सुटू लागले, की काढून घ्या. पोटात गेले तर आतड्यात अडकतात.