सव्वानऊच्या आधीचा भाव

मुंबईच्या राष्ट्रीय शेअर बाजारात नियमित सौदे दुपारी साडेतीनला थांबतात आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सव्वानऊला पुन्हा सुरू होतात. मधल्या पावणेअठरा तासांत कंपन्यांचे तिमाही निकाल लागतात, अमेरिकेचा बाजार उघडून बंद होतो, कच्च्या तेलाचे भाव हलतात. त्यामुळे शेअर काल जिथे बंद झाला तिथेच आज उघडेल असे नसते. या दोन भावांमधल्या फरकाला बाजारात गॅप म्हणतात. भाव वर उघडला तर गॅप-अप, खाली उघडला तर गॅप-डाउन. या अंतरात एकही सौदा झालेला नसतो. ५२० रुपयांवर बंद झालेला शेअर ४८२ वर उघडतो तेव्हा मधल्या अडतीस रुपयांत कोणालाही विकता आलेले नसते. रात्रभर शेअर बाळगणाऱ्याची खरी जोखीम तीच असते.

काम आदल्या संध्याकाळी सुरू होते, कारण गॅप मोजायची तर मोजणीचा आरंभबिंदू आधी नक्की असावा लागतो. दिवसाचा शेवटचा सौदा ज्या भावाला झाला तो आणि बाजाराने जाहीर केलेला बंद भाव हे दोन वेगळे आकडे असू शकतात. वर्षानुवर्षे चालत आलेल्या पद्धतीत बंद भाव म्हणजे शेवटच्या अर्ध्या तासातील सौद्यांची, उलाढालीनुसार काढलेली सरासरी. शेवटच्या दहा मिनिटांत शेअर झपाट्याने पडला असेल, तर शेवटचा सौदा ५१४ ला होऊनही बंद भाव ५२० दिसतो. सकाळी तो ५१४ लाच उघडला तर पडद्यावर सहा रुपयांची घसरण दिसते, पण ती आदल्या दुपारचीच असते. दोन्ही आकडे टिपून ठेवले की हा घोटाळा टळतो.

दुसरी नोंद लाभांश, बोनस आणि विभाजनाच्या तारखांची. एकास एक बोनस मिळाला की शेअरचा भाव निम्मा होतो. बाजार त्या दिवशी आधारभाव जुळवून घेतो, पण स्वतःच्या तक्त्यात जुनाच भाव ठेवणाऱ्याला पन्नास टक्क्यांची घसरण दिसते. नेहमीच्या रोख लाभांशासाठी मात्र आधारभाव बदलला जात नाही. शेअरमागे वीस रुपये लाभांश असेल तर त्या सकाळी साधारण तेवढी घट अपेक्षितच असते. तिला वाईट बातमी समजून शेअर विकणे चूक ठरते.

सकाळी सर्वात आधी पाहिला जातो तो गिफ्ट निफ्टी. हा करार पूर्वी सिंगापूरच्या बाजारात चाले. जुलै २०२३ मध्ये तो गांधीनगरजवळच्या गिफ्ट सिटीत आला. त्याचे सौदे सकाळी साडेसहाला सुरू होतात, म्हणून मुंबईचा बाजार उघडण्याआधी निफ्टीचा अंदाज देणारा तोच एक जिवंत आकडा असतो. पण तो फ्युचरचा भाव आहे, निर्देशांकाचा नव्हे. करार संपायला दिवस उरलेले असतील तर फ्युचरचा भाव सहसा निर्देशांकापेक्षा वर असतो, कारण तेवढ्या दिवसांचे व्याज त्यात धरलेले असते. समजा निफ्टी २४,००० वर बंद झाला आणि दुपारी साडेतीनला गिफ्ट निफ्टी २४,११० वर होता. सकाळी तो २४,१२० दिसला, तर बाजार १२० अंशांनी वर उघडेल असे म्हणणे चूक. रात्रीत झालेला बदल फक्त दहा अंशांचा आहे. म्हणून फ्युचरची तुलना त्याच फ्युचरच्या आदल्या दुपारच्या भावाशीच करायची.

न्यूयॉर्कमध्ये नोंदलेल्या भारतीय कंपन्यांनाही हाच नियम लागू पडतो. इन्फोसिसची तिथली एक पावती एका शेअरची असते, तर एचडीएफसी बँकेची एक पावती तीन शेअरांची. शिवाय पावतीचा भाव रुपयात बदलला तरी तो मुंबईतल्या भावाशी तंतोतंत जुळत नाही. पावती रात्रीत किती टक्के हलली एवढेच उपयोगाचे असते.

नऊ वाजता खऱ्या ऑर्डरी येऊ लागतात. ऑक्टोबर २०१० पासून राष्ट्रीय आणि मुंबई शेअर बाजारात उघडण्याआधीचे प्रीओपन सत्र आहे. तेव्हा आखलेल्या रचनेत नऊपासून नऊ वाजून आठ मिनिटांपर्यंत ऑर्डर घालता, बदलता आणि रद्द करता येते. त्यानंतर ऑर्डरींची जुळणी होऊन सौदे पक्के होतात आणि नऊ बारापासून सव्वानऊपर्यंतची मिनिटे नियमित सत्राकडे वळण्यासाठी मोकळी असतात. नेहमीच्या सत्रात समोरची ऑर्डर जुळताच सौदा होतो. इथे सगळ्या ऑर्डरी आधी गोळा होतात आणि मग एकाच भावाला एकदम जुळवल्या जातात. जास्तीत जास्त शेअर ज्या भावाला हात बदलू शकतील, तो समतोल भाव. तोच त्या दिवसाचा उघडण्याचा भाव ठरतो.

एक लहानसा हिशेब पाहू. खरेदीदारांपैकी एक ४९० पर्यंत ८०० शेअर घ्यायला तयार आहे, दुसरा ४८२ पर्यंत ३००, तिसरा ४७६ पर्यंत ९००. विकणाऱ्यांपैकी एकाला किमान ४७६ हवेत आणि त्याच्याकडे ५०० शेअर आहेत. दुसऱ्याला ४८२ ला ५०० विकायचे आहेत, तिसऱ्याला ४९० ला ६००. भाव ४७६ धरला तर विकायला ५०० शेअरच निघतात. ४९० धरला तर घेणारे ८००. ४८२ ला मात्र घेणारे ११०० आणि विकणारे १००० आहेत, म्हणजे १००० शेअरांचा सौदा होतो. समतोल भाव ४८२.

आता पहिल्या खरेदीदाराने आपली ८०० शेअरांची ऑर्डर मागे घेतली असे समजू. ४८२ ला घेणारे ३०० उरतात, तर ४७६ ला ५०० शेअर जुळतात. समतोल भाव क्षणात सहा रुपयांनी उतरतो, आणि बातमी मात्र कोणतीही आलेली नसते. पडद्यावर नऊ वाजून दोन मिनिटांनी दिसणारा भाव असा कच्चा असतो. तो अजून कोणालाही बांधलेला नाही. मोठी ऑर्डर घालून भाव फुगवायचा आणि शेवटच्या क्षणी ती काढून घ्यायची, हे करता येते. याला आळा म्हणून ऑर्डरींची खिडकी सातव्या आणि आठव्या मिनिटांमध्ये कोणत्याही क्षणी, आधी न सांगता बंद केली जाते. हा उपाय चांगला आहे, पण त्याने पहिल्या सहा मिनिटांतले आकडे विश्वासार्ह होत नाहीत. त्या वेळी भावाबरोबर जुळणारी संख्याही पाहावी. रोज लाखो शेअरांची उलाढाल असलेल्या कंपनीत काही शेच शेअर जुळत असतील, तर त्या भावावर कोणताही निर्णय बेतू नये.

सकाळची आकडेमोड संगणकावर सोडणाऱ्यांनी आणखी एक खबरदारी घ्यावी. नऊच्या आधी ‘शेवटचा भाव’ या रकान्यात कालचाच भाव असतो, आणि जुळणी होईपर्यंत तो तसाच राहू शकतो. भावासोबत येणारी तारीख-वेळ तपासली नाही, तर प्रोग्राम प्रत्येक शेअरची गॅप शून्य दाखवतो किंवा कालच्या भावावर आजची ऑर्डर टाकतो. यादीतल्या सगळ्याच शेअरांची गॅप नेमकी शून्य आली, तर बाजार शांत आहे असे न मानता आकडे शिळे आहेत असे समजावे.

जुळणीनंतरच्या मिनिटांत स्वतःच्या ऑर्डरींचा हिशेब लावणे सर्वात महत्त्वाचे असते. प्रीओपनमध्ये न जुळलेली लिमिट ऑर्डर रद्द होत नाही. ती आपल्या भावासह नियमित सत्रात जाते. ती विसरून सव्वानऊला पुन्हा ऑर्डर घातली की दुप्पट शेअर गळ्यात पडतात.

गॅप किती मोठी हे रुपयांवरून कळत नाही, त्या शेअरच्या रोजच्या हालचालीवरून कळते. ५२० चा शेअर एरवी दिवसाला सरासरी अकरा रुपये वरखाली होत असेल, तर सहा रुपयांच्या गॅपमध्ये विशेष काही नाही. अडतीस रुपयांची गॅप म्हणजे जवळजवळ साडेतीन दिवसांची चाल. तिच्यामागे बातमी असणारच. ती बाजाराच्या संकेतस्थळावरील कंपनीच्या निवेदनात सापडेपर्यंत हात आवरावा.

स्टॉपलॉसबद्दलचा गैरसमज सर्वात महाग पडतो. प्रीओपनमध्ये स्टॉपलॉस ऑर्डर स्वीकारली जात नाही, आणि आदल्या दिवशीची तर बाजार बंद होताच संपलेली असते. ब्रोकरकडे दीर्घकाळासाठी नोंदवलेली सूचना त्याच्या यंत्रणेत पडून असते. भाव ठरलेल्या पातळीला आला की मगच ती बाजारात ऑर्डर पाठवते. समजा सूचना अशी आहे की भाव ५०५ ला आला की ५०३ ला विका. शेअर थेट ४८२ वर उघडला. सूचना जागी होते, ५०३ ला विक्रीची ऑर्डर जाते, आणि त्या भावाला घेणारा कोणी नसल्याने ती तशीच लटकत राहते. लिमिटऐवजी मार्केट ऑर्डर असती तर शेअर विकला गेला असता, पण ४८२ च्या आसपास.

म्हणून रात्रभर किती शेअर ठेवायचे हे स्टॉपलॉसच्या अंतरावरून ठरवू नये. भांडवल पाच लाख आणि एका सौद्यात एक टक्का, म्हणजे पाच हजार रुपये, गमावण्याची तयारी आहे असे धरू. ५२० चा शेअर आणि ५०५ चा स्टॉप यांतले अंतर पंधरा रुपये. त्या हिशेबाने ३३३ शेअर घेता येतात. शेअर ४८२ ला उघडून तिथेच विकला, तर तोटा १२,६५४ रुपये होतो, ठरवलेल्याच्या अडीचपट. निकालाच्या रात्री आठ टक्के, म्हणजे सुमारे ४२ रुपयांची गॅप गृहीत धरली, तर ११९ शेअरच बसतात. आठ हा आकडा कुठून आणायचा? त्याच कंपनीच्या मागच्या आठ-दहा निकालांनंतरच्या गॅप तपासून, त्यातल्या मोठ्या गॅपकडे पाहून.

उघडल्यानंतर भाव गॅप भरून काढेल की त्याच दिशेने पुढे जाईल, हे गॅपवरून सांगता येत नाही. ७ एप्रिल २०२५ ला अमेरिकेच्या आयातशुल्काच्या धक्क्याने निफ्टी २२,९०४ वरून थेट २१,७५८ च्या आसपास उघडला आणि त्या पातळीच्या फारसा खाली न जाता २२,१६१ वर बंद झाला. ३ जून २०२४ ला मतदानोत्तर चाचण्यांच्या जोरावर तो २२,५३० वरून २३,३३७ च्या आसपास उघडला आणि दिवसभर वरच टिकला; दुसऱ्या दिवशी मतमोजणीत मात्र २१,८८४ पर्यंत कोसळला. पहिल्या दिवशी उघडताच घाबरून विकणाऱ्याला जवळजवळ दिवसाचा नीचांक मिळाला, दुसऱ्या वेळी गॅप-अपवर घेणाऱ्याला चोवीस तासांत मोठा तोटा झाला.

पहिल्या काही मिनिटांत खरेदी आणि विक्रीच्या भावांत अंतर जास्त असते, म्हणून कमी उलाढालीच्या शेअरमध्ये तेव्हा मार्केट ऑर्डर टाळून लिमिट ऑर्डर वापरावी. शेअर ठेवायचा निर्णय झाला असेल, तर जुना ५०५ चा स्टॉप आता निरुपयोगी असतो, कारण भाव त्याच्या खालीच आहे. पहिल्या पंधरा-वीस मिनिटांत तयार झालेल्या तळाखाली नवा स्टॉप ठरवून त्याची ऑर्डर नव्याने घालावी लागते, आणि ५०३ ची लटकलेली विक्री आधी रद्द करावी लागते. नाहीतर दुपारी भाव सावरून ५०३ ला पोचला की ती पूर्ण होते, आणि नवा स्टॉप हाती नसलेल्या शेअरांची विक्री करायला उभा राहतो.